व्याजावरचं व्याज

नोव्हेंबर २०२०च्या पहिल्या आठवड्यात अनेक कर्जदारांच्या खात्यात न मागता थोडे पैसे जमा झाले. कुणाला शेकड्यांत, कुणाला दोन-अडीच हजार. कोरोनाच्या काळात, १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांसाठी, दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवरचं चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक केंद्र सरकारने स्वतःच्या खिशातून भरला होता. रक्कम पाहून बरेच जण हसले. ज्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं, ते एवढंच?

तर हिशेब करून पाहू. घराचं कर्ज ३० लाख, व्याजदर वर्षाला ८ टक्के. एका महिन्याचं व्याज झालं २० हजार. सहा महिने एकही हप्ता भरला नाही, तर सरळ व्याजाने १ लाख २० हजार देणं होतं. बँक मात्र दर महिन्याचं थकलेलं व्याज मुद्दलात मिळवते. त्यामुळे दुसऱ्या महिन्यात पहिल्या वीस हजारांवर १३३ रुपये जादा लागतात. तिसऱ्या महिन्यात चाळीस हजारांवर २६७, चौथ्यात ४००, असं करत सहाव्या महिन्यापर्यंत ही जादा आकारणी दोन हजारांवर जाते. या जादा रकमेवरचं व्याजही धरलं की आणखी १८ रुपये. एकूण फरक २,०१८ रुपये.

या अठरा रुपयांकडे कुणी पाहत नाही, पण पुढचा सगळा खेळ त्यांचाच आहे. हेच कर्ज, याच दराने, एक पैसाही न भरता पाच वर्षं पडून राहिलं असं समजा. मुदत दहापट झाली म्हणून फरकही वीस हजारांच्या आसपास असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो २ लाख ७० हजारांच्या घरात जातो. दहा वर्षांनी साडेबारा लाखांच्या वर, आणि वीस वर्षांनी जवळजवळ सत्तर लाख. सरळ व्याजाने तेव्हा ७८ लाख द्यायचे असतात, चक्रवाढीने १ कोटी ४८ लाख. दर तोच आहे. सरळ व्याजात दर महिन्याला वीस हजारच वाढतात, पहिल्या महिन्यात आणि दोनशे चाळिसाव्या महिन्यातही. चक्रवाढीत शेवटच्या महिन्याचं व्याज ९८ हजारांच्या आसपास असतं.

आता कुणी म्हणेल, वीस वर्षं कर्ज न फेडता कोण बसतं? खरं आहे. हप्ता वेळेवर भरणाऱ्याला ही चक्रवाढ जवळपास लागतच नाही, कारण त्या महिन्याचं व्याज त्याच महिन्यात फिटतं आणि उरलेल्या पैशात मुद्दल कमी होतं. चक्रवाढ सुरू होते ती न भरलेलं व्याज मुद्दलात लिहिलं जातं त्या क्षणी. पूर्वीचा सावकार जुना रोखा फाडून व्याजासकट नवा लिहून घ्यायचा, तेव्हा हेच होत असे.

म्हणूनच २०२०चे ते दोन हजार मिळूनही मूळ दुखणं गेलं नाही. फरक परत आला, पण सहा महिन्यांचे १ लाख २० हजार बहुतेकांच्या मुद्दलात जाऊन बसले. वीस वर्षांचं ३० लाखांचं कर्ज नुकतंच घेतलं असेल, तर हप्ता २५,०९३ रुपये येतो आणि असे २४० हप्ते भरायचे असतात. मुद्दल ३१ लाख २० हजार झाल्यावर हप्ता तोच ठेवला, तर २६६ हप्ते लागतात. सहा हप्ते चुकवले आणि सव्वीस वाढले! सुमारे दीड लाख तेव्हा वाचले, त्याचे शेवटी साडेसहा लाखांच्या आसपास मोजायचे. पंधरा वर्षं जुन्या कर्जाला हा फटका बराच कमी बसला असेल, कारण मुद्दल कमी उरलेलं आणि मुदतही थोडी. तरी हे गणित किती कर्जदारांना तेव्हा नीट समजावून सांगितलं गेलं, याची मला शंकाच आहे.

मार्च २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन कोटींची मर्यादा काढून टाकली आणि त्या सहा महिन्यांसाठी कुठल्याच कर्जदाराकडून व्याजावर व्याज घेऊ नये असं सांगितलं. सहा महिन्यांचं साधं व्याज मात्र माफ झालं नाही.

शैक्षणिक कर्जात हाच प्रसंग ठरवून येतो. शिक्षण चालू असताना बँका साधारणपणे सरळ व्याज लावतात आणि हप्ते सुरू होताना साचलेलं व्याज मुद्दलात मिळवून हप्ता ठरवतात. मुलाचं किंवा मुलीचं असं कर्ज चालू असेल, तर पूर्ण हप्ता नाही जमला तरी महिन्याचं व्याज तेवढं भरत राहा. आणि कुठल्याही कर्जात हप्ते पुढे ढकलण्याची सवलत घेण्याआधी शाखेत लेखी विचारा: थकलेलं व्याज मुद्दलात कधी मिळवणार, आणि त्याने माझे किती हप्ते वाढणार?