सुधारित सिम्प्लेक्सचा एक फेरा

सिम्प्लेक्स पद्धतीत प्रत्येक फेरीला अख्खा तक्ता नव्याने लिहावा लागतो. १९४७ साली जॉर्ज डँझिग यांनी मांडलेली ही पद्धत बहुतेक विद्यार्थी अशीच शिकतात: ओळींना भागायचे, एकीतून दुसरी वजा करायची, सगळे स्तंभ बदलायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. यातले बरेचसे आकडे पुढे कुणी पाहतही नाही. फेरीत निर्णय दोनच असतात, कोणता चल आत घ्यायचा आणि कोणता बाहेर काढायचा. सुधारित सिम्प्लेक्स पद्धत मूळ आकड्यांना हात लावत नाही. ती फक्त एक छोटा व्यस्त मॅट्रिक्स जवळ ठेवते आणि या निर्णयांना लागेल तेवढेच त्यातून काढते.

एका शिवणकेंद्राचे उदाहरण घेऊ. दिवसाला ४० मीटर कापड आणि शिलाईचे २२ तास हाताशी आहेत. कुर्ता, एप्रन आणि पडदा असे तीन प्रकार शिवता येतात.

```
          कुर्ता   एप्रन   पडदा    उपलब्ध
कापड       २      १      ४      ४० मीटर
वेळ        २      १      १      २२ तास
नफा       ६०     ४०    १००     (रुपये)
```

नफा जास्तीत जास्त व्हायला हवा. कापड किंवा वेळ उरला तर तो ‘शिल्लक’ या चलात मोजायचा. अशा दोन शिल्लकी धरून एकूण चल पाच होतात. मर्यादा दोनच असल्यामुळे एका वेळी दोनच चल बेसिसमध्ये, म्हणजे सक्रिय, असतात, उरलेले शून्य.

पहिला फेरा सोपा असतो, कारण सुरुवातीला बेसिसमध्ये फक्त शिल्लकी असतात आणि व्यस्त मॅट्रिक्स म्हणजे एकक मॅट्रिक्सच. नगामागे सर्वांत जास्त नफा देणारा पडदा आत येतो, सगळे कापड खातो आणि १० पडदे होतात. १२ तास शिल्लक राहतात, नफा १००० रुपये. खरी गंमत दुसऱ्या फेऱ्यात आहे. या वेळी बेसिसमध्ये ‘पडदे’ आणि ‘शिल्लक वेळ’ हे दोन चल आहेत. त्यांचे मूळ स्तंभ शेजारी मांडले की बेसिस मॅट्रिक्स मिळतो आणि त्यावरून त्याचा व्यस्त:

```
बेसिस          व्यस्त
४   ०           १/४   ०
१   १          −१/४   १
```

व्यस्ताचा पहिला स्तंभ असा वाचायचा: एक मीटर कापड जास्त मिळाले तर पाव पडदा जास्त होईल आणि शिल्लक वेळ पाव तासाने घटेल. दुसरा स्तंभ सांगतो की एक तास जास्त मिळाला तर पडदे वाढणार नाहीत, नुसती शिल्लक एका तासाने वाढेल. पुढचे सगळे या चार आकड्यांतून निघते.

आधी साधनांचे भाव काढायचे. बेसिसमधल्या चलांचा नफा (१००, ०) या क्रमाने आहे. त्याला व्यस्ताने गुणले की (२५, ०) येते. म्हणजे या घडीला कापडाचा मीटर २५ रुपयांचा आणि तास फुकटचा. वेळ पडून असल्यामुळे त्याला किंमत नाही, हे व्यवहारालाही धरूनच आहे. आता बेसिसबाहेरच्या प्रत्येक चलाचा मूळ स्तंभ या भावांनी तपासायचा. कुर्त्याला २ मीटर, म्हणजे ५० रुपयांचे कापड लागते. नफा ६०, सुटतात १० रुपये. एप्रनला २५ रुपयांचे कापड लागते. नफा ४०, सुटतात १५. कापड शिल्लक ठेवले तर मीटरमागे २५ रुपयांचा तोटा. सर्वांत जास्त सुटतात एप्रनमध्ये, म्हणून एप्रन आत.

आता किती एप्रन शिवता येतील? एप्रनचा मूळ स्तंभ (१, १) व्यस्ताने गुणला की (१/४, ३/४) मिळतो. एप्रन शिवायला तर पूर्ण एक तास लागतो, मग शिल्लक वेळेतून पाऊणच तास का जावा? कारण कापड मोकळे नाही. एप्रनसाठी लागणारे एक मीटर पडद्याकडून काढून घ्यावे लागते, त्याने पाव पडदा कमी होतो आणि त्या पाव पडद्याला लागणारा पाव तास वाचतो. ही सारी अंतर्गत देवाणघेवाण व्यस्त मॅट्रिक्स एका गुणाकारात धरतो. १० पडदे पावाने घटत गेले तर ४० एप्रनपर्यंत पुरतील, १२ तास पाऊण तासाने घटत गेले तर १६ एप्रनपर्यंतच. लहान गुणोत्तर १६, म्हणून शिल्लक वेळ बेसिसमधून बाहेर. या स्तंभातला एकही आकडा धन नसता, तर एप्रन कितीही वाढवता आले असते आणि नफ्याला मर्यादाच उरली नसती. प्रत्यक्षात असे दिसले, तर बहुधा एखादी अट लिहायची राहून गेलेली असते.

आता फक्त व्यस्त बदलायचा. बाहेर जाणाऱ्या चलाची, म्हणजे दुसरी, ओळ ३/४ ने भागायची. मग पहिल्या ओळीतून या नव्या ओळीची पाव पट वजा करायची.

```
नवा व्यस्त (पडदे, एप्रन)
 १/३   −१/३
−१/३    ४/३
```

४० मीटर आणि २२ तास यांना याने गुणले की ६ पडदे आणि १६ एप्रन मिळतात. कापड १६ + २४ = ४०, वेळ १६ + ६ = २२; दोन्ही पुरे संपले. नफा १२४० रुपये, म्हणजे १६ एप्रनमागे १५ रुपयांप्रमाणे २४० ची वाढ. एक फेरा इथे संपला.

पुढच्या फेऱ्याची सुरुवात करून पाहिली तर नवे भाव (२०, २०) येतात. वेळही आता टंचाईचा झाला. आधी १० रुपये सोडणारा कुर्ता या भावांत ८० रुपयांची साधने खातो, म्हणजे २० रुपयांच्या तोट्यात जातो. शिल्लक कापड आणि शिल्लक वेळ यांचाही एकेका मात्रेमागे २० रुपये तोटा. आत घेण्याजोगे कुणीच उरले नाही, म्हणून हेच उत्तर इष्टतम.

दोन मर्यादांच्या या गणितात मेहनत वाचत नाही, हे मान्य केले पाहिजे. हाताने करायचे तर तक्ताच सोयीचा. पण १०० मर्यादा आणि ५००० चल असले, तर तक्त्यात पाच लाख आकडे दर फेरीला बदलायचे आणि व्यस्तात फक्त दहा हजार. भावांनी तपासताना मूळ स्तंभ लागतातच. पण अशा मोठ्या प्रश्नांत ते बहुतांशी शून्यांनी भरलेले असतात आणि शून्यांना वेळ लागत नाही. स्तंभ गच्च भरलेले असतील तर हा फायदा बराच आटतो.

धोका आहे तो संगणकाच्या दशांशांचा. व्यस्त दर वेळी आधीच्या व्यस्तातून काढल्यामुळे बारीक चुका साठत जातात, आणि ज्याने भागायचे तो आकडा फार लहान असला तर त्या एकदम फुगतात. ओळखायची खूण सोपी आहे: बेसिसचे मूळ स्तंभ आलेल्या उत्तराने गुणून पाहायचे. ४० आणि २२ परत आले नाहीत, तर मूळ स्तंभांवरून व्यस्त नव्याने काढावा लागतो. १९५४ साली डँझिग आणि ऑर्चर्ड-हेज यांनी व्यस्त पूर्ण न लिहिता प्रत्येक फेरीच्या छोट्या बदलांचा गुणाकार म्हणून तो साठवण्याची रीत मांडली. आजची सॉफ्टवेअर व्यस्त लिहीतच नाहीत. बेसिसचे दोन त्रिकोणी मॅट्रिक्समध्ये अवयव पाडून तेच गुणाकार करतात आणि अधूनमधून ते अवयव मूळ आकड्यांवरून पुन्हा पाडतात.