आईवडिलांना फ्लोटरमध्ये घ्यावे का?

आरोग्य विम्याच्या फ्लोटर पॉलिसीत घरातले सगळे एकाच रकमेत सामावतात. पण तिचा हप्ता ठरतो तो बहुतेक कंपन्यांत घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर. बऱ्याच पॉलिसींत वयाचे गट असतात. मोठा सदस्य पुढच्या गटात गेला की सबंध पॉलिसीचा हप्ता वाढतो, अगदी पाच वर्षांच्या नातवाच्या वाट्याचाही.

हिशेबासाठी एक घर धरू. मुलगा ३६ वर्षांचा, सून ३३ची, दोन लहान मुले, वडील ६२ आणि आई ५८. पुढचे आकडे मानलेले आहेत. कंपनीगणिक ते बदलतील. सहा जणांच्या १० लाखांच्या एकाच फ्लोटरला पहिल्या वर्षी ८०,००० रुपये पडतात. दुसऱ्या मार्गाने मुलाच्या चौकोनी कुटुंबाचा फ्लोटर २२,०००, वडिलांची स्वतंत्र पॉलिसी ३२,००० आणि आईची २४,०००, म्हणजे एकूण ७८,०००.

आता गट ६१ आणि ६६ या वयांना बदलतो आणि दर वेळी हप्ता २५ टक्क्यांनी चढतो, असे समजू. चौथ्या वर्षी आई ६१ची होते. तिचा हप्ता ३०,००० होतो आणि वेगळ्या पॉलिसींची बेरीज ८४,०००वर जाते. फ्लोटरला त्याची झळ नाही. पाचव्या वर्षी वडील ६६चे होतात. फ्लोटर एकदम एक लाखावर पोचतो. वेगळ्या पॉलिसींत मात्र त्यांचाच हप्ता ४०,००० होतो आणि बेरीज ९२,००० भरते. सहा वर्षांत फ्लोटरला ५,२०,००० रुपये गेले, वेगळ्या मार्गाला ५,०२,०००.

फरक फक्त १८,००० रुपयांचा. खरी तफावत संरक्षणात आहे. वडिलांच्या बायपासला सात लाख लागले, तर एकत्र फ्लोटरमध्ये त्या वर्षासाठी पाच जणांना तीनच लाख उरतात. काही पॉलिसींत संपलेली रक्कम पुन्हा भरून मिळते, पण त्याच्या अटी वाचाव्या लागतात. वेगळ्या पॉलिसींत आईचे दहा लाख आणि मुलांचे दहा लाख शाबूत राहतात.

मुलांसाठी मात्र उलटे आहे. त्यांचे आजारपणाचे खर्च सहसा कमी असतात आणि आईबापांच्या फ्लोटरमध्ये त्यांची भर थोडीच पडते, म्हणून त्यांना स्वतंत्र पॉलिसी घेण्यात अर्थ नसतो. ठरावीक वयानंतर, अनेकदा पंचविशीत, ती बाहेर पडतात. तेव्हा त्याच कंपनीत स्वतःची पॉलिसी घेतल्यास पूर्ण केलेला प्रतीक्षा कालावधी सहसा धरला जातो.

एजंटकडे पहिल्या वर्षाच्या कोटेशनसोबत ७५ वर्षांपर्यंतचा वयवार हप्त्यांचा तक्ता मागा. आधीच एकत्र फ्लोटर असेल, तर नूतनीकरणाच्या निदान दोन महिने आधी पॉलिसी विभागण्याचे बोला. जुन्या आजारांचा प्रतीक्षा कालावधी नव्याने सुरू होणार नाही, हे लेखी घेतल्याशिवाय चालू पॉलिसी सोडू नका.