आधी मुलाखती, मग कॅमेरा

लग्नाच्या बऱ्याच हायलाइट फिल्म दुसऱ्यांदा पाहाव्याशा वाटत नाहीत. ड्रोन असतो, स्लो मोशन असतो, गाणंही असतं, पण त्यातले वधू-वर बदलले तरी काही बिघडत नाही. चार-पाच मिनिटांची फिल्म त्या घराची व्हायची असेल, तर तिला घरातल्या माणसांचा आवाज लागतो. म्हणून आराखड्याची सुरुवात मुलाखतींपासून करावी.

त्या हळदीच्या आधीच, घरातल्या शांत खोलीत, पंखा बंद करून आणि कॉलरला माइक लावून घ्याव्यात. लग्नाच्या दिवशी कुणालाच सवड नसते. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘छान’ यापुढे गाडी सरकत नाही. त्यापेक्षा आजीला विचारावं, ‘तुमच्या लग्नात आजोबांना पहिल्यांदा नीट कधी पाहिलंत?’ वडिलांना, ‘लेक पहिल्यांदा घरापासून लांब राहायला गेली, त्या रात्री काय केलंत?’ नवऱ्यामुलाला, ‘ती चिडलीय हे कशावरून ओळखतोस?’ विचारणाऱ्याचा आवाज नंतर कापला जातो, म्हणून उत्तर पूर्ण वाक्यात मागावं. उत्तर संपल्यावरही थोडं गप्प राहावं. खरी गोष्ट बरेचदा तेव्हाच येते.

समजा, आजी म्हणाली, ‘अंतरपाट धरला होता, मला फक्त ह्यांचे पाय दिसले.’ या एका वाक्याने टिपायच्या क्षणांची यादी बदलते. आता अंतरपाटाखालून दिसणारे पाय हवेतच. आजीचा आवाज गौरीहरापाशी बसलेल्या नवरीवर सुरू होईल, ती मामासोबत मांडवात येईपर्यंत चालेल आणि पायांवर थांबेल. पुढे फक्त मंगलाष्टकं.

यासाठी एक कॅमेरा गौरीहरापासून नवरीसोबतच राहायला हवा. एरवी सगळे नवऱ्याभोवती गोळा होतात. अंतरपाटाच्या वेळी दोन कॅमेरे दोन चेहऱ्यांवर आणि तिसरा लांबून, थोड्या उंचावर ठेवावा. पाट दूर होतो तो क्षण पुन्हा मिळत नाही, आणि नेमक्या तेव्हाच अक्षता टाकणारे हात व मोबाइल मध्ये येतात. शेवटचं मंगलाष्टक कोणतं, हे गुरुजींना आधी विचारून ठेवावं. स्लो मोशनमधला आवाज कामाचा नसतो, म्हणून निदान एक कॅमेरा नेहमीच्या वेगावर चालू राहावा. मंगलाष्टकांचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून वेगळा घ्यावा. हॉलच्या एलईडी दिव्यांमुळे चित्रात पट्टे सरकताना दिसले, तर शटर १/५० किंवा १/१०० वर आणावं.

यानंतर ग्रुप फोटोंच्या गर्दीत कानपिळी हमखास निसटते. नवरीचा भाऊ कोण हे आधी माहीत असावं आणि लाजाहोम सुरू झाला की एकाने त्याच्यावर नजर ठेवावी. सप्तपदी सावकाश चालते, तिथे घाई नको. पाठवणीत मात्र कॅमेरा लांबच ठेवून झूमने टिपावं. जवळ गेलं की माणसं रडू आवरतात, आणि वडिलांच्या मुलाखतीतलं वाक्य ज्या चेहऱ्यावर ठेवायचं, तो चेहराच हाती लागत नाही.