एका क्लॉकला एक बिट

समजा कळंबा तलावात 21.3 फूट पाणी आहे आणि पातळीच्या सेन्सरचा व्होल्टेज 5 बिटच्या सक्सेसिव्ह अप्रॉक्झिमेशन कन्व्हर्टरला दिलाय. एक पायरी म्हणजे एक फूट. आता सराफ तराजूत वजनं टाकतो तसंच करायचं. 16 टाकलं, कमी पडलं, ठेवलं. वर 8 टाकून 24 झालं, जास्त, 8 काढलं. 20 ठेवलं, 22 जास्त, 21 ठेवलं. पाच क्लॉकमध्ये उत्तर 10101.

प्रत्येक क्लॉकला कंट्रोल लॉजिक दोन कामं करतं: कम्पॅरेटरचा निकाल बघून चालू बिट ठेवतं किंवा पुसतं, आणि पुढचा बिट 1 करतं. आधीचे सगळे निकाल स्टेटमध्येच धरले, तर 1+2+4+8+16 म्हणजे 31 स्टेट्स लागतील. पण ते निकाल रजिस्टरमध्ये आहेतच की! सिक्वेन्सरने फक्त ‘आता कितवा बिट’ एवढंच लक्षात ठेवायचं. म्हणजे 5 स्टेट्स, आणि थांबण्याची एक.

मात्र हे मशीन मागे फिरत नाही. 16 ठेवल्यावर पंपाच्या नॉइझमुळे सिग्नल 13 वर घसरला, तर 24, 20, 18, 17 सगळे नाकारले जातात आणि 10000 येतं. आउटपुट असं वारंवार 10000 वर अडकलं, तर आधी सॅम्पल-अँड-होल्ड तपासा.