परदेशी शहरात आपला दूतावास शोधताना

राजधानीत दूतावास असतो आणि इतर मोठ्या शहरांत वाणिज्य दूतावास, ज्याला लोक कॉन्सुलेट म्हणतात. पासपोर्टसारख्या कामासाठी कोणत्या कार्यालयात जायचे, हे मात्र अंतरावरून किंवा मोठेपणावरून ठरत नाही. ते कार्यक्षेत्रावरून ठरते. जर्मनीत भारताचा दूतावास बर्लिनला आहे आणि कॉन्सुलेट फ्रँकफर्ट, हॅम्बुर्ग व म्युनिक येथे आहेत. प्रत्येकाकडे ठरावीक राज्ये वाटून दिलेली आहेत.

समजा, कोलोनमध्ये शिकणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थ्याचा पासपोर्ट हरवला. दूतावास म्हणून तो थेट बर्लिनची गाडी पकडेल, तर चार-साडेचार तासांचा प्रवास वाया जाण्याची शक्यता मोठी. कोलोन नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात येते आणि हे राज्य फ्रँकफर्टच्या कॉन्सुलेटकडे आहे. तिथे वेगवान रेल्वेने साधारण सव्वा तासात पोहोचता येते. म्हणून आधी आपले राज्य पाहावे, मग कार्यालय.

पत्ता कॉन्सुलेटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. फ्रँकफर्टसाठी तो cgifrankfurt.gov.in असा आहे. शेवटचे gov.in नीट वाचावे, कारण व्हिसा-पासपोर्टची कामे करून देणाऱ्या खासगी दलालांची पानेही सरकारी थाटात सजवलेली असतात. नकाशावरच्या खुणेवर एकट्या विसंबू नये. कार्यालय हलले तरी जुनी खूण तशीच राहू शकते, आणि राजदूतांचे निवासस्थानही त्याच नावाने दिसू शकते.

वेळेच्या बाबतीत खरा घोटाळा होतो तो इथे: कार्यालयाची वेळ आणि लोकांना भेटण्याची वेळ एक नसते. कर्मचारी संध्याकाळपर्यंत असले, तरी अर्ज घेण्याची खिडकी बहुधा सकाळचे काही तासच उघडी असते आणि तयार कागद दुपारी दिले जातात. अनेक कामांना आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते. काही देशांत अर्ज बाहेरच्या केंद्रामार्फत घेतले जातात. त्या केंद्राचा पत्ता आणि वेळ दोन्ही निराळे.

सुट्ट्यांची यादी दरवर्षी नव्याने निघते आणि तीत भारतातले व त्या देशातले असे दोन्हीकडचे दिवस येतात. 15 ऑगस्टला ध्वजारोहणासाठी दारे उघडी असतात, पण पासपोर्टचे काम होत नाही. साप्ताहिक सुट्टीही देशागणिक बदलते; सौदी अरेबियात ती शुक्रवार-शनिवार असते.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ईमेल किंवा फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात: हे काम इथेच होते का, उद्या खिडकी किती ते किती उघडी आहे, आणि कोणती कागदपत्रे लागतील. हरवलेल्या पासपोर्टसाठी पोलिसांत केलेल्या तक्रारीची प्रत लागते, ती कोलोनमध्येच घेऊन ठेवावी. संकेतस्थळावरचा आपत्कालीन क्रमांक अपघात, मृत्यू किंवा अटक अशा प्रसंगांसाठी असतो. वेळा विचारायला तो वापरू नये. पण त्याच रात्री मायदेशी परतायचे असेल आणि पासपोर्ट हाती नसेल, तर तो क्रमांक जरूर फिरवावा.