वीज गेली, कुलूप काय करणार?

विजेवर चालणारं कुलूप घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा. फेल-सेक्युअर कुलूप वीज गेली तरी बंदच राहतं. फेल-सेफ मात्र उघडं पडतं.

मॅग्नेटिक लॉक हे फेल-सेफचं नेहमीचं उदाहरण. चौकटीवरचं विद्युतचुंबक दाराची लोखंडी पट्टी धरून ठेवतं. त्याला चोवीस तास वीज लागते. १२ व्होल्टचं कुलूप साधारण अर्धा अँपिअर घेत असेल, तर ७ अँपिअर-तासांची नवी बॅटरी कागदावर १४ तास पुरेल. जुनी त्याआधीच मान टाकते. मग फाटक सताड उघडं!

म्हणून घराच्या फाटकाला फेल-सेक्युअर बरं. त्याला उघडण्यापुरतीच क्षणभर वीज लागते. आतून खटका किंवा मूठ आणि बाहेरून किल्ली, हे दोन्ही मात्र विजेविना चाललं पाहिजे. आतून फक्त विजेचं बटण असेल, तर आगीच्या वेळी घरचेच अडकतील.

खोलीच्या दारालाही हीच कसोटी. आतली मूठ फिरवताच दार उघडत असेल, तर फेल-सेक्युअर चालेल. नाहीतर फेल-सेफच हवं.

बसवणारा कारागीर जाण्याआधी मेन स्विच बंद करून बॅटरीची वायर काढायला लावावी आणि दार दोन्ही बाजूंनी उघडून पाहावं.