अपघाताचा अहवाल प्रेसपर्यंत पोचवताना

कारखान्यात अपघात झाला की त्याचा इंग्रजी अहवाल तयार होतो. तो मुख्यालयात जातो, ज्या कंपनीला माल पुरवायचा तिच्याकडे जातो आणि ऑडिटच्या फाइलला लागतो. त्याच मशिनवर पुढच्या पाळीत उभ्या राहणाऱ्या माणसाला मात्र फलकावर ‘काळजीपूर्वक काम करा’ एवढंच वाचायला मिळतं. कायद्यानुसार लावायच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असं बंधन १९४८च्या कारखाने अधिनियमातल्या कलम १०८नं घातलं. अंतर्गत चौकशीचा अहवाल अशा सूचनांमध्ये मोडत नाही. त्यामुळे तो मराठीत आणण्याचं काम कुणाच्याच टेबलावर येत नाही.

हे काम कसं करायचं, ते एका नमुन्यावरून पाहू. पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या अनेक लहान वर्कशॉपमध्ये जुन्या पिन क्लचच्या पॉवर प्रेस असतात. त्यांची मोटर फ्लायव्हील सतत फिरवत असते. ऑपरेटरनं पेडल दाबलं की क्लचची पिन फ्लायव्हीलमध्ये अडकते, शाफ्ट एक फेरा घेतो, रॅम खाली येऊन पत्रा ठोकतो आणि वर जाऊन थांबतो. पिन किंवा तिची स्प्रिंग झिजली की पिन वेळेवर सुटत नाही. मग पेडलवर पाय नसतानाही रॅम पुन्हा खाली येतो. प्रेस ‘डबल मारते’ म्हणतात ते हेच. ठोकलेला पीस काढायला ऑपरेटरचा हात नेमका त्याच वेळी डायमध्ये गेलेला असतो.

अशा अपघातांच्या अहवालात नेहमी दिसणारी वाक्यं शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणली, तर मजकूर असा होतो : ‘क्लच यंत्रणेच्या झिजेमुळे प्रेसचा अनपेक्षित पुनरावर्ती स्ट्रोक घडून आला व ऑपरेटरच्या उजव्या तर्जनीस इजा झाली. तत्सम घटनांची पूर्वसूचना योग्य स्तरापर्यंत पोहोचविण्यात आली नव्हती. ऑपरेटरने विहित साधनाचा वापर केला नसल्याचे आढळले. पुनर्प्रशिक्षण करण्यात यावे.’

यातलं व्याकरण चोख आहे. पण पूर्वसूचना कुणी दिली आणि कुणी अडवली, विहित साधन म्हणजे नेमकं काय, ती प्रेस आता चालू आहे की बंद, यांतलं काहीच त्यातून कळत नाही. उद्या प्रेसनं पुन्हा डबल मारलं तर काय करायचं, हेही कळत नाही. ही माहिती मूळ इंग्रजी अहवालातच नसते, त्यामुळे शब्दकोश उघडून ती सापडत नाही. त्यासाठी शॉपवर जावं लागतं.

आपल्या नमुन्यातला सेफ्टी ऑफिसर तिथे जातो आणि प्रत्येक वाक्यावर एकच प्रश्न विचारतो : हे कुणी केलं, किंवा कुणी करायचं आहे? तेव्हा कळतं, की प्रेस डबल मारते हे दोन ऑपरेटरांनी शिफ्ट इन्चार्जना तोंडी सांगितलं होतं. डिस्पॅचची घाई होती म्हणून प्रेस चालूच राहिली आणि मेंटेनन्सला चिठ्ठी गेली नाही. ‘विहित साधन’ म्हणजे चिमटा. तो होता, पण टोकाला झिजलेला. पीस निसटायचा, म्हणून सगळेच हातानं काढायचे. ऑपरेटरनं चिमटा वापरला नाही हे खरं आहे, पण का वापरला नाही हे न सांगता तेवढंच छापलं, तर कामगार पुढचं वाचतच नाही. दोष आपल्यावर ढकललाय, एवढंच त्याला त्यातून समजतं.

उपाययोजनेचीही अशीच तपासणी करावी लागते. अहवालात बरेचदा ‘लाइट कर्टन बसवावा’ असं असतं. हात आत जाताच मशिन थांबवणारा हा सेन्सर हवेच्या दाबावर चालणाऱ्या घर्षण क्लचच्या प्रेसवर उपयोगी पडतो. पिन क्लच मात्र एकदा अडकला की रॅम पूर्ण फेरा केल्याशिवाय थांबत नाही. सेन्सरला हात दिसला तरी रॅम खाली येणारच. अशा प्रेसवर डायभोवती बोट शिरणार नाही असा पक्का गार्ड लागतो, किंवा हात आत घालावाच लागणार नाही अशी पीस भरण्या-काढण्याची सोय लागते. ‘सेन्सर बसवलाय’ असं मराठीत छापून लावणं म्हणजे कामगाराला खोटा भरवसा देणं. अशी ओळ दिसली की अहवाल मेंटेनन्सकडे परत न्यावा.

एवढं झाल्यावर पान लिहायला घ्यावं. डाय, रॅम, क्लच, पेडल हे शब्द आहेत तसे ठेवावेत. रोज तोंडात असलेल्या शब्दांना प्रतिशब्द देऊ नयेत. जखमी माणसाचं नाव आणि जखमेचा फोटो टाकू नये. नमुन्यातलं पान असं होतं :

प्रेस नं. ४ वर अपघात

काय झालं : दुसऱ्या पाळीत प्रेसनं डबल मारलं. ऑपरेटर हातानं पीस काढत होता. पेडलवर पाय नव्हता, तरी रॅम पुन्हा खाली आला. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट चिरडलं.

का झालं : क्लचची पिन झिजली होती. ऑपरेटरांनी आधी दोनदा इन्चार्जना सांगितलं होतं. तरी प्रेस बंद केली नाही. चिमटाही झिजलेला होता.

आजपासून : प्रेसनं एकदा जरी डबल मारलं, तरी हात बाहेर घ्या, पाय पेडलपासून दूर करा. मेन स्विच बंद करा. लाल पाटी लावा. इन्चार्जना सांगा. ते मेंटेनन्सला चिठ्ठी देतील आणि तिची प्रत तुम्हाला देतील. मेंटेनन्सची सही होईपर्यंत कुणीही सांगितलं तरी प्रेस चालवू नका. माल अडला तर जबाबदारी तुमची नाही.

चिमटा : पीस चिमट्यानंच काढा. निसटत असेल तर काम थांबवा, स्टोअरमधून दुसरा घ्या.

आत्ताची स्थिती : प्रेस नं. ४ बंद आहे. क्लच तपासल्याशिवाय बाकीची कोणतीही प्रेस चालू होणार नाही.

हे पान लावण्याआधी दुसऱ्या विभागातल्या एखाद्या कामगाराला वाचायला द्यावं. ‘समजलं का?’ असं विचारू नये, कारण त्यावर ‘हो’ असंच उत्तर येतं. त्याला बंद प्रेसपाशी नेऊन ‘काय कराल ते दाखवा’ म्हणावं. आपल्या नमुन्यातला कामगार स्विच बंद करतो आणि अडकलेला पीस काढायला लगेच हात पुढे करतो. पानात लिहिलंय तसंच तो वागतोय. पण प्रत्यक्षात मोटर बंद झाल्यावरही जड फ्लायव्हील फिरत राहतं, आणि पिन अडकली तर रॅम खाली येऊ शकतो. ही चूक पानाची आहे. म्हणून ‘मेन स्विच बंद करा’ याच्या पुढे एक वाक्य वाढवावं लागतं : ‘फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत डायजवळ हात नेऊ नका.’

मराठी पानानं सगळ्यांचं भागत नाही. कंत्राटी कामगारांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातली माणसं असतात, आणि काहींना वाचन जड जातं. म्हणून पाळी सुरू होताना प्रेसजवळ उभं राहून हे पान मराठीत आणि हिंदीत मोठ्यानं वाचावं आणि प्रत्येक कृती करून दाखवावी. पानावर सेफ्टी ऑफिसर आणि मेंटेनन्सप्रमुख दोघांच्याही सह्या असाव्यात, म्हणजे दिलेला शब्द नंतर कुणाला टाळता येणार नाही.

अहवाल लिहिणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. इंग्रजी अहवालाला वेळ लागू द्या, पण झिजलेली पिन पुढच्या पाळीतही झिजलेलीच असते. म्हणून काय झालं आणि आता काय करायचं, एवढं मराठी पान आधी लिहा आणि ती पाळी सुरू होण्यापूर्वी लावा. चौकशीत आणखी काही कळलं तर त्याच पानात भर घाला. इंग्रजी अहवाल त्यानंतर लिहिला तरी चालेल.